पन्नास फुटांतले सहा इंच

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून सकाळी साडेसातला तीन टिफिन बाहेर पडतात. तिन्ही दुचाकी तुलसीधाम चार रस्त्यावरून मकरपुरा जीआयडीसीकडे वळतात आणि एकाच शेडच्या दारात उभ्या राहतात. पहिला हेल्पर आहे. दुसरा साधा वेल्डर, म्हणजे लोखंडी सांगाडे, स्टँड, जिने जोडणारा. तिसरा आर्गन वेल्डर आहे. त्या शेडमध्ये केमिकल कारखान्यांसाठी मोठ्या टाक्या, हीट एक्स्चेंजर आणि पाइपांची जोडणी होते. छत तिघांच्याही डोक्यावर तेच, मे महिन्यातला उकाडा तोच. अंगमेहनत मोजली तर हेल्परची सर्वांत जास्त. पगार मात्र आर्गनवाल्याचा हेल्परच्या दुपटीहून अधिक.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. वर्गात ‘मजुरीतील तफावत’ हे प्रकरण मी तीन मथळ्यांखाली उरकत असे आणि मुलं ते परीक्षेत तीन मथळ्यांखाली परत लिहून देत. निवृत्तीनंतर या तिसऱ्या शेजाऱ्याशी गप्पा वाढल्या, तेव्हा कळलं की ते तिन्ही मथळे या एकाच माणसाच्या पगारात एकावर एक बसलेले आहेत. वेल्डिंगमध्ये पहिल्या थराला रूट म्हणतात, त्यावर भरणीचे थर येतात आणि सर्वांत वर कॅप. बाहेरून दिसते ती फक्त कॅप. पगाराच्या आकड्याचंही तसंच आहे.

आधी रूट पाहू. कौशल्याला किती जास्त पैसे मिळावेत, यावर सरकारचं मत काय आहे? गुजरात सरकारने २०२३ मध्ये किमान वेतनाचे दर वाढवले. महापालिका क्षेत्रात अकुशल कामगाराला दिवसाला ४५२ रुपये, अर्धकुशलाला ४६२ आणि कुशलाला ४७४. महागाई भत्ता वेगळा. म्हणजे कुशल आणि अकुशल यांच्यात कायद्याने ठरवलेलं अंतर दिवसाला २२ रुपयांचं. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५७२ रुपये.

आता दहावी झालेल्या मुलाच्या जागी बसून हिशेब करा. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. उद्यापासून हेल्पर म्हणून लागायचं, नाहीतर तरसालीच्या आयटीआयमध्ये जाऊन आणि मग कुठेतरी उमेदवारी करून दोन वर्षांनी वेल्डर व्हायचं. सरकारी आयटीआयची फी किरकोळ असते, तिच्याकडे आणि उमेदवारीत मिळणाऱ्या भत्त्याकडे दुर्लक्ष करू. खरा खर्च आहे तो दोन वर्षं न मिळवलेल्या पगाराचा. हेल्परचे महिन्याचे ११,७५२ रुपये गुणिले २४ महिने, म्हणजे २,८२,०४८ रुपये. महिन्याला ५७२ रुपये जास्त मिळून ही रक्कम वसूल व्हायला ४९३ महिने लागतील. एक्केचाळीस वर्षं! आणि यात व्याज धरलेलंच नाही. तोवर पोरगा निवृत्तीला आलेला असेल.

व्याज धरून पाहू. हे दोन वर्षांचे पैसे म्हणजे मुलाने स्वतःकडूनच घेतलेलं कर्ज समजा. पहिल्या वर्षाच्या रकमेवर एक वर्षाचं दहा टक्के व्याज चढवलं की शिक्षण संपतं त्या दिवशी कर्ज साधारण २ लाख ९६ हजार होतं. हे कर्ज दहा टक्क्यांनी पस्तीस वर्षांत फेडायचं तर हप्ता येतो महिन्याला अडीच हजारांच्या थोडा वर. वेल्डर आणि हेल्पर यांच्या पगारात किमान एवढा फरक नसेल, तर आयटीआयला जाणारा मुलगा तोट्यात आहे. कायद्याने दिलेले ५७२ आणि हप्ता फेडायला लागणारे अडीच हजार, या दोन्हींच्या मधली जागा बाजाराला भरावी लागते. भरली नाही तर दोन-तीन वर्षांत वेल्डर मिळेनासे होतात, आणि मग भरावीच लागते. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६०च्या आसपास मांडलेली ‘मानवी भांडवला’ची कल्पना मुळात एवढीच आहे: शिकणं ही गुंतवणूक, बुडालेली मजुरी हा तिचा मुख्य खर्च आणि पुढचा जादा पगार हा परतावा. माणसाला भांडवल म्हणणं त्या काळी अनेकांना अपमानकारक वाटलं होतं. मला ते कधी तसं वाटलं नाही. हप्ता फेडताना माणसाचीच पाठ वाकते, हे त्या शब्दात निदान कबूल तरी केलेलं आहे.

पण वेल्डर ते आर्गन वेल्डर हे अंतर आयटीआयच्या दाखल्याने कापलं जात नाही. तिथे एक परीक्षा असते. कारखान्यात तिला ‘सिक्स-जी’ म्हणतात. पाइपाचे दोन तुकडे ४५ अंशांच्या तिरक्या कोनात घट्ट बांधतात. पाइप फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. खालून डोक्यावर हात करून सुरुवात, मग बाजूने चढत चढत वर. वितळलेला धातू सतत खाली ओघळू पाहतो आणि कोन तिरका असल्यामुळे ओघळायची दिशा दर इंचाला बदलते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलरची तार. रूटचा थर पाइपाच्या आतल्या अंगाला एकसारखा उमटला पाहिजे. कमी पडला तर सांधा अर्धवट राहतो, जास्त झाला तर आत गुठळ्या लोंबतात. मग तो तुकडा एक्स-रेला जातो. फिल्मवर काळा ठिपका म्हणजे आत हवेचा बुडबुडा. काळी सरळ रेघ म्हणजे धातू धातूला लागलेलाच नाही.

शेजारी म्हणाला, “काका, फिल्म क्लिअर आली की मार्कशीट कोण मागतंय?”

हे वाक्य त्याच्या समजुतीपेक्षा मोठं आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये शंका काढली होती की शिक्षणाने माणूस अधिक कामाचा होतो असं थोडंच आहे. कदाचित पदवी म्हणजे ‘हा मुळातच चिकाटीचा आणि हुशार आहे’ असं मालकाला दाखवायची नुसती खूण असेल. बी.कॉम. झालेल्या कारकुनाच्या बाबतीत हा वाद सुटत नाही. कारकुनाचा एक्स-रे काढता येत नाही, म्हणून मालक मार्कशीट बघतो. सिक्स-जीच्या बाबतीत मात्र वाद जवळपास मिटतो. इथे दाखला नसलेला पास होतो आणि दाखलेवाला नापास. पैसे मिळतात ते हाताला. शाळेच्या नावाला मिळत नाहीत.

आणि हे भांडवल गंजतंही. प्रेशर व्हेसलच्या धंद्यात अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची नियमावली चालते. तिच्यानुसार वेल्डरने एखाद्या पद्धतीने सहा महिने काम केलं नाही, तर त्या पद्धतीतली त्याची पात्रता संपते आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. माझ्या एम.ए.ला असली अट असती, तर माझी पदवी कित्येक वर्षांपूर्वीच गेली असती.

आता प्रश्न येतो की सिक्स-जी शिकवायचं कोणी? सरावाला पाइप लागतो, आर्गन गॅस लागतो, फिल्म लागते आणि फुकट गेलेला वेळ लागतो. मालकाने हा खर्च केला आणि पोरगा पास झाला की दोन गल्ल्या पलीकडचा शेडवाला त्याला दीड हजार जास्त देऊन उचलतो. बेकर यांचं म्हणणं असं की जे कौशल्य कुठल्याही मालकाकडे चालतं, त्याचा खर्च शेवटी शिकणाराच करतो, कमी पगारावर उमेदवारी करून. मालक खर्च करतो तो फक्त त्याच्याच यंत्रापुरत्या, त्याच्याच पद्धतीपुरत्या कौशल्याचा. तिसरी वाट म्हणजे बाँड: मी शिकवतो, तू इतकी वर्षं माझ्याकडेच काम कर.

या बाँडचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्याच बडोद्याचं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणजे भांडवलाचा हा खर्च सरकारने उचलायचं ठरवलं. १९१३ मध्ये त्यांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. करारात अट होती: परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. बेकर यांनी पुस्तक लिहिण्याच्या अर्धशतक आधीचा हा चोख करार होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आंबेडकर १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्यात आले. राहायला कोणी जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. भांडवल पूर्ण होतं, गुंतवणूक संस्थानची होती, करारही दोघांना मान्य होता. परतावा शून्य. पुढे १९३६ मध्ये त्यांनी लिहिलं की जातिव्यवस्था श्रमाची विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते. शिक्षणातून पगार वाढतो हे सूत्र मांडताना ‘दार उघडं असेल तर’ ही पुस्ती मी वर्गात बरीच वर्षं जोडली नाही, याची मला लाज वाटते.

आता भरणीचा थर. शेजाऱ्याचा धाकटा भाऊही सिक्स-जी पास आहे, हात तितकाच चांगला, पण तो शेडमध्ये टिकत नाही. तो ‘शटडाउन’ची कामं करतो. रिफायनऱ्या आणि केमिकल प्लांट ठरावीक काळाने काही आठवडे बंद ठेवून दुरुस्त करतात. तेव्हा ठेकेदार वेल्डरांच्या टोळ्या जमवतो: आज कोयलीला, पुढच्या महिन्यात जामनगरला, नंतर कुठे ते ठाऊक नाही. बारा-बारा तासांची पाळी, रात्रपाळीही. टाकीच्या तोंडातून आत शिरायचं. क्रोम-मॉलीसारखं मिश्र पोलाद असेल तर जोड तडकू नये म्हणून धातू आधी दोनशे अंशांच्या आसपास तापवून ठेवतात आणि त्या तापलेल्या भिंतीजवळ बसून रूट मारायचा. या कामाचा रोज शेडच्या रोजापेक्षा बराच जास्त असतो. कौशल्य तेच, सर्टिफिकेट तेच, एकाच आईची मुलं. मग फरक कशाचा?

अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये याचं उत्तर दिलं होतं. काम जितकं अप्रिय, धोक्याचं किंवा बेभरवशाचं, तितकी मजुरी जास्त द्यावी लागते, नाहीतर ते करायला कोणी येत नाही. त्याचं एक उदाहरण गवंड्याचं आहे. कडाक्याच्या थंडीत गवंड्याचं काम बंद पडतं, म्हणून काम असलेल्या दिवसांच्या मजुरीत त्याला रिकाम्या दिवसांचं पोट भरून घ्यावं लागतं. शटडाउनचा वेल्डर हा स्मिथचाच गवंडी. वर्षाकाठी हिशेब केला तर दोघा भावांच्या कमाईत तेवढं अंतर उरत नाही, कारण धाकट्याचे मधले महिने कोरडे जातात. जे काही थोडं जास्त उरतं, ते तापलेल्या टाकीचं आणि घराबाहेर काढलेल्या रात्रींचं मोल. यालाच भरपाईची तफावत म्हणतात. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर ठरवला आहे, तोही याच तत्त्वाचा सरकारी अवतार.

इथे वर्गात नेहमी एक हात वर व्हायचा. “सर, मग गटार साफ करणाऱ्याला सर्वांत जास्त पगार का नाही?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरं लागतात. पहिलं उत्तर तांत्रिक आहे: तुलना एकसारख्या माणसांची करायची असते. हेल्परचं काम आर्गन वेल्डरच्या कामापेक्षा कष्टाचं आहे, तरी त्याचा पगार कमी, यातून स्मिथ खोटा पडत नाही. हेल्परसाठी तुलना दुसऱ्या हेल्परशी करावी लागते. शिवाय ज्याच्या हाताला जास्त पैसे मिळतात, तो त्यातले काही पैसे सोडून आराम विकत घेतो. म्हणून वरवर पाहता चांगला पगार आणि चांगलं काम एकत्रच दिसतात. दोन भावांसारखं जोडपं सापडलं, तरच भरपाई वेगळी काढून दाखवता येते.

दुसरं उत्तर कडू आहे. हा सगळा सिद्धांत ‘नको असेल तर सोडून जाता येतं’ या एका पायावर उभा आहे. धाकटा भाऊ उद्या टाकीत शिरायला नाही म्हणाला, तर त्याला शेडमध्ये काम आहे, म्हणून ठेकेदाराला दर वाढवावा लागतो. ज्याला जन्माने एकच काम नेमून दिलं आहे आणि दुसऱ्या दारावर ज्याला उभं केलं जात नाही, त्याच्या ‘नाही’ला बाजारात किंमत नसते. मग धोका कितीही असो, मजुरी चढत नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात झालेल्या मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये ते ३० लाख केले. जो धोका कामाआधी पगारात मोजायला हवा होता, तो मेल्यानंतर न्यायालयाला मोजावा लागतो. कोणत्या कामात भरपाई पगारातून मिळते आणि कोणत्या कामात ती मयताच्या नावे मिळते, एवढं पाहिलं तरी कोणाला ‘नाही’ म्हणता येतं ते कळतं.

आता कॅप. मला सर्वांत गंमत वाटते ती याच थराची.

दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमध्ये तीच कामं होतात, तीच सिक्स-जी चालते, उकाडाही तोच. तरीही आमच्या शेजाऱ्याचा मालक आपल्या आर्गन वेल्डरांना बाजारभावापेक्षा दोन-तीन हजार जास्त देतो. त्याच हाताचे, त्याच टाकीचे. हा मालक काही दानशूर नाही. चहाचे कप मोजणारा माणूस आहे. मग तो हे का करतो?

त्याचं उत्तर एक्स-रेच्या फिल्ममध्येच आहे, किंवा खरं तर जिथे फिल्म लागत नाही तिथे आहे. मी समजत होतो की सगळे जोड तपासले जातात. तसं नसतं. टाकीच्या डिझाइनमध्येच ठरवलेलं असतं की तपासणी पूर्ण करायची की ठिकठिकाणी. ठिकठिकाणी, म्हणजे ‘स्पॉट’ तपासणीचा नियम असा: जोडाच्या दर पन्नास फुटांमागे एक फिल्म, आणि ती किमान सहा इंचांची. पन्नास फूट म्हणजे सहाशे इंच. शंभरातला एक भाग दिसतो, नव्व्याण्णव भाग दिसत नाहीत. याची भरपाई म्हणून जोडाची ताकद हिशेबात शंभराऐवजी पंच्याऐंशी टक्केच धरायची असते, म्हणजे पत्रा जाड घ्यावा लागतो. पूर्ण तपासणीत जिथे १० मिलिमीटर पुरलं असतं, तिथे जवळजवळ १२. पुष्कळदा सगळ्या जोडाचे एक्स-रे काढण्यापेक्षा जाड पत्रा स्वस्त पडतो, म्हणून हा मार्ग निवडतात. पाळत ठेवायलाही पैसे पडतात, ही गोष्ट या धंद्याने आपल्या नियमपुस्तकात लिहूनच ठेवली आहे.

उरलेले नव्व्याण्णव भाग वेल्डरच्या मनावर. दुपारी तीन वाजता, घाम डोळ्यांत जात असताना, दोन थरांच्या मध्ये ग्राइंडरने नीट सफाई करायची की वरून थर मारून मोकळं व्हायचं, हे तो एकटा ठरवतो. कॅप गुळगुळीत केली की सुपरवायझरलाही काही कळत नाही. मात्र त्या सहा इंचांत दोष निघाला, तर त्याच पन्नास फुटांत आणखी दोन ठिकाणी फिल्म काढायची. त्यातली एक जरी खराब निघाली, तरी अख्खे पन्नास फूट नापास: खरवडून पुन्हा भरा, किंवा सगळ्याचे एक्स-रे काढा आणि दोष सापडेल तिथे दुरुस्त करा. क्रेन अडते, तपासनीस पुन्हा बोलवावा लागतो, माल उशिरा जातो. अनेक ऑर्डरींत उशिराच्या प्रत्येक आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का दंड असतो. समजा टाकी चाळीस लाखांची आहे, तर एका आठवड्याला वीस हजार. आणि समजा मालकाकडे सहा आर्गन वेल्डर आहेत आणि प्रत्येकाला तो तीन हजार जास्त देतो, तर महिन्याला अठरा हजार. महिन्यातून एक आठवड्याचा उशीर टळला तरी पैसे वसूल, खरवडण्याचा खर्च वेगळाच वाचला. हे दान नाही, हा विम्याचा हप्ता आहे.

पण जास्त पगाराने माणूस नीट काम का करतो? कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९८४ मध्ये दिलेलं उत्तर रोखठोक आहे. सगळीकडे सारखाच पगार असेल, तर नोकरी जाण्याची भीती कसली? पलीकडच्या शेडमध्ये उद्या लागता येतं. इथे तीन हजार जास्त मिळत असतील, तर हाकलणं म्हणजे खरोखरचं नुकसान. जॉर्ज अकरलॉफ यांनी त्याआधी, १९८२ मध्ये, दुसरं उत्तर दिलं होतं. मालक रीतीपेक्षा जास्त देतो, कामगार रीतीपेक्षा जास्त करतो, दोघंही भेटीची परतफेड करतात. मी शेजाऱ्याला विचारलं, तुझ्या मनात भीती असते की उपकाराची जाणीव? तो म्हणाला, “काका, दोन्ही. आणि बायको म्हणते, हा शेठ सोडायचा नाही.” अर्थशास्त्रात बायकोचं मत कुठल्या समीकरणात बसवायचं, हे अजून ठरलेलं नाही.

अशा जादा पगाराला कार्यक्षमता वेतन म्हणतात आणि त्याचं गाजलेलं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात सुमारे चौदा हजार माणसं टिकवण्यासाठी वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक भरती करावी लागली होती. माणसं येत, काही दिवसांत कंटाळून जात. जानेवारी १९१४ मध्ये त्याने रोज सव्वादोन डॉलरच्या आसपास होता तो पाच डॉलर केला आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. कारखान्याच्या दारात रांगा लागल्या आणि सोडून जाणारे झपाट्याने कमी झाले. पुढे फोर्डनेच म्हटलं की खर्च कमी करण्याची ही त्याची एक उत्तम युक्ती होती. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. पाच डॉलरमधला मोठा हिस्सा ‘नफ्यातला वाटा’ म्हणून होता आणि तो मिळण्याआधी कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, घर नीट ठेवतो का, हे तपासत. कार्यक्षमता वेतन आणि पाळत एकमेकांची जागा घेतात असं पुस्तकात असतं. फोर्डने दोन्ही ठेवली.

आता कोणी विचारेल, हे थर प्रत्यक्षात वेगळे कसे ओळखायचे? मी एक साधी खूण वापरतो: माणूस हलवून पाहायचा. माणूस दुसऱ्या शेडमध्ये गेला आणि जादा पैसे त्याच्याबरोबर गेले, तर ते त्याच्या हाताचे होते, मानवी भांडवलाचे. हात तोच राहिला, पण शटडाउनवरून नियमित पाळीवर येताच पैसे गेले, तर ते कामाच्या त्रासाचे होते. आणि हात तोच, काम तेच, फक्त शेठ बदलला आणि पैसे गेले, तर ते त्या शेठच्या दाराशी बांधलेले होते. शेवटच्या प्रकाराची आणखी एक खूण म्हणजे रांग. बाजारभावापेक्षा जास्त देणाऱ्याच्या दाराशी नेहमी जागेपेक्षा जास्त माणसं असतात, आणि आतली माणसं हलत नाहीत.

खूण नेहमी स्वच्छ निघत नाही. रिफायनरीच्या पगारपत्रकावर असलेल्या माळ्यालाही बाहेरच्या माळ्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतात. तो काही सिक्स-जी पास नाही, गुलाबाला पाणी घालण्यात धोका नाही आणि त्याच्यावर नजर ठेवणंही अवघड नाही. तिथे युनियन आहे, सार्वजनिक क्षेत्राची वेतनश्रेणी आहे आणि एका आवारात पगाराचं फार मोठं अंतर बरं दिसत नाही ही भावना आहे. म्हणूनच अशा कंपन्या हळूहळू माळी, झाडूवाला आणि पुष्कळ वेल्डरही ठेकेदाराकडे देतात. मग तोच टॉर्च, तोच पाइप, पण एकाच्या बिल्ल्यावर कंपनीचं नाव आणि दुसऱ्याच्या बिल्ल्यावर ठेकेदाराचं, आणि पगार अर्ध्यावर. माझ्या मते या फरकाला वरच्या तिन्हींपैकी एकही स्पष्टीकरण पुरत नाही आणि ते पुरतं असं भासवणं हा अर्थशास्त्राचा गैरवापर आहे.

आमच्या शेजाऱ्यापुरतं बोलायचं तर गेल्या दिवाळीत पलीकडच्या शेडवाल्याने त्याला बोलावणं पाठवलं होतं. तो गेला नाही. त्याच्या शेठच्या गेटवर वर्षभरात ‘आर्गन वेल्डर जोईए छे’ अशी पाटी लागलेली मी पाहिली नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या शेडने तीच पाटी भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून ठेवली आहे.